बेचाळीस तासांची सरासरी

मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’चं तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथल्या प्लॅटफॉर्मवर नियमित कामाला असणाऱ्यांचं वेळापत्रक सांगायला एक वाक्य पुरतं: चौदा दिवस ऑन, चौदा दिवस ऑफ. ऑनचे चौदाही दिवस बारा तासांची ड्यूटी, मध्ये रविवार नाही, सणवार नाही. मग जुहूहून हेलिकॉप्टर येतं, रिलिव्हरला उतरवतं आणि सुटलेल्याला घेऊन जातं. उत्तर समुद्रातल्या ब्रिटिश प्लॅटफॉर्मवरही कित्येक वर्षं हेच चक्र चालत आलं आहे. या चक्राचा हिशेब विचारला की उत्तर तयार असतं. चौदा गुणिले बारा म्हणजे १६८ तास, ते अठ्ठावीस दिवसांत वाटले की आठवड्याला ४२ तास. किनाऱ्यावरच्या कारखान्यात आठवड्याला ४८ तास भरतात, तेव्हा समुद्रावरच्या माणसाची तक्रार कसली? आकडेमोड चोख आहे. पण या ४२ च्या आकड्याकडून आपण भलतीच कामं करून घेतो. वर्षभरात किती काम झालं आणि त्याचा पगार किती, हे ठरवायला सरासरी योग्य आहे. माणूस किती थकला, चूक कधी होईल आणि त्याला खरी विश्रांती किती मिळाली, हे ती सांगू शकत नाही. तरीही नियम, करार आणि न्यायनिवाडे या तिन्ही गोष्टींसाठी तिच्याकडेच बोट दाखवतात. माझा आक्षेप तिथे आहे.

आधी हे चक्र असं का आहे, ते समजून घ्यायला हवं, कारण ते कुणाच्या लहरीतून आलेलं नाही. प्लॅटफॉर्मवर खाटा मोजक्या असतात आणि लाइफबोटीत बसायच्या जागाही मोजक्या. आठ तासांच्या तीन पाळ्या लावायच्या तर प्रत्येक जागेसाठी दोनऐवजी तीन माणसं एकाच वेळी समुद्रात ठेवावी लागतील. म्हणजे दीडपट खाटा, दीडपट बोटी, आणि ज्वालाग्राही वायूच्या शेजारी झोपणारी दीडपट माणसं. म्हणून बारा तास. चौदा दिवसांमागे हेलिकॉप्टर आहे. दर आठवड्याला माणसं बदलली तर प्रत्येकाला वर्षात बावन्न वेळा समुद्रावरून उडावं लागेल, पंधरवड्याने बदलली तर सव्वीस वेळा. हा फरक कागदी नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर सातजणांसह समुद्रात कोसळलं. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ या रिगजवळ दुसरं पाण्यात उतरलं आणि नऊपैकी चौघे गेले. उड्डाण हाही या नोकरीतला धोकाच आहे आणि तो फेऱ्यांच्या संख्येबरोबर वाढतो. त्यामुळे आठवड्याचं चक्र मागणाऱ्याला मी लगेच मान डोलावणार नाही. बारा तास आणि चौदा दिवस ही अडचणीतून निघालेली, बऱ्याच अंशी समर्थनीय तडजोड आहे. पण तडजोडीची किंमत कुणी किती मोजली हे नोंदवायला हवं, आणि सरासरी नेमकी तीच नोंद पुसून टाकते.

ती कशी पुसते, हे एका साध्या तुलनेत दिसतं. सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी धरा: ८४ तास दोन आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला ४२. चौदा-चौदा धरा, ४२. एकवीस-एकवीस, तरी ४२. अठ्ठावीस दिवस सलग काम करून अठ्ठावीस दिवस घरी राहिलं, तरी ४२. सहा महिने अखंड बारा तास राबून पुढचे सहा महिने झोपून काढले, तरीसुद्धा ४२च. सातव्या दिवशी घरी जाणारा आणि सहा महिन्यांनी घरी जाणारा यांच्यात ज्या मापाला काहीच फरक दिसत नाही, ते माप शरीराच्या कामाचं नाही. हा निव्वळ तर्काचा खेळही नाही. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा ब्रिटिश उत्तर समुद्रातल्या अनेक कंपन्यांनी दोन आठवड्यांची चक्रं मोडून तीन आठवडे काम, तीन आठवडे घर अशी चक्रं लावली. ज्यांचं आधी दोन-दोन होतं, त्यांची सरासरी तीन-तीन झाल्यावरही तसूभर हलली नाही. कागदावर काहीच बदललं नव्हतं. कामगाराच्या वाट्याला मात्र पंधरावा ते एकविसावा असे सात नवे दिवस आले, आणि तेही सर्वांत थकलेल्या अवस्थेतले.

कायदा या जागी मदतीला येईल अशी अपेक्षा असते. ब्रिटनमध्ये १९९८ चे कामाच्या वेळेचे नियम २००३ पासून समुद्रातल्या कामगारांनाही लागू झाले. आठवड्याला सरासरी ४८ तासांची कमाल मर्यादा आली. पण ही सरासरी किनाऱ्यावर साधारण १७ आठवड्यांची काढतात, तर समुद्रासाठी ५२ आठवड्यांची. आता चौदा-चौदाच्या चक्राला ही मर्यादा कितपत अडवते, ते करून पाहू. आठवड्याला ४८ म्हणजे चार आठवड्यांत १९२ तास. ते चौदा दिवसांत बसवायचे तर रोज १३ तास ४३ मिनिटं काम करून घेता येईल, आणि तरीही सरासरी मोडणार नाही. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण त्याच नियमांत रोज सलग ११ तास विश्रांती द्यावी असं वेगळं कलम आहे, आणि त्यामुळे दिवसाला तेराच तास उरतात. म्हणजे जो काही लगाम लागतो तो रोजच्या विश्रांतीच्या कलमाने लागतो. सरासरीचं कलम या कामगाराच्या बाबतीत शोभेचं आहे. ते त्याला कधी स्पर्शही करत नाही. आपल्याकडचा १९५२ चा खाण कायदा, ज्याच्या छत्राखाली तेलविहिरीही दीर्घकाळ होत्या, अधिक जुन्या पद्धतीने विचार करत असे: जमिनीवरच्या कामाला दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ आणि सहा दिवसांनंतर एक सुट्टी. चौदा दिवस सलग बारा तास या चौकटीत जसेच्या तसे बसतच नाहीत. पण त्या जुन्या चौकटीत एक शहाणपण होतं. तिने दिवसाला वेगळी मर्यादा घातली, आठवड्याला वेगळी, आणि एकाची भरपाई दुसऱ्यातून होऊ दिली नाही.

भरपाई का होऊ देऊ नये, याचं उत्तर अपघातांच्या अभ्यासातून मिळतं. सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर यांनी २००३ मध्ये पाळ्यांच्या कामातल्या अपघातांवरचे अनेक अभ्यास एकत्र केले. आठ तासांच्या पाळीच्या तुलनेत बारा तासांच्या पाळीत धोका सुमारे सत्तावीस टक्क्यांनी जास्त निघाला. तासातासाने पाहिलं तर पहिल्या आठ तासांच्या सरासरीपेक्षा बाराव्या तासातला धोका दुपटीहून अधिक. सलग रात्रपाळ्यांचं चित्र याहून बोलकं आहे: पहिल्या रात्रीच्या मानाने दुसऱ्या रात्री धोका सहा टक्क्यांनी वाढतो, तिसऱ्या रात्री सतरा, चौथ्या रात्री छत्तीस. दिवसपाळीतही तो वाढतो, पण चौथ्या दिवशी सतराच टक्के. हे आकडे बहुतांशी जमिनीवरच्या उद्योगांतले आहेत आणि ते चार पाळ्यांपुढे जात नाहीत; ते तसेच ताणून चौदाव्या रात्रीचा धोका काढणं चुकीचं होईल. पण त्यांतून एक गोष्ट पक्की होते. धोका तासांच्या बेरजेवर अवलंबून नसतो, तास कोणत्या क्रमाने आले त्यावर असतो. पुढच्या महिन्यात घरी मिळणारा मोकळा दिवस आज पहाटे साडेचार वाजता व्हॉल्व्हसमोर उभ्या असलेल्या माणसाची नजर तीक्ष्ण करत नाही. विश्रांती उधारीवर देता येत नाही.

रात्रपाळीचा प्रश्न इथे मोकळेपणाने पाहण्याजोगा आहे, कारण समुद्रावर तो जमिनीपेक्षा वेगळा वागतो आणि सरासरीचा गोंधळ तिथे सर्वांत स्पष्ट होतो. किनाऱ्यावरचा रात्रपाळीवाला सकाळी उन्हातून घरी जातो, आणि ते ऊन त्याच्या शरीराला ‘दिवस उगवला’ असंच सांगत राहतं. त्यामुळे त्याचं आतलं घड्याळ रात्रीला कधी सरावतच नाही. प्लॅटफॉर्मवर माणूस पाळी संपवून दोन जिने उतरतो, जेवतो आणि बिनखिडकीच्या किंवा पडदा ओढलेल्या खोलीत झोपतो. जेवणाच्या वेळाही त्याच्या पाळीप्रमाणे असतात. सरे विद्यापीठातल्या जोसेफिन एरंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर समुद्रातल्या कामगारांच्या लघवीतून मेलाटोनिनचा माग काढला. १९९८ च्या त्यांच्या अभ्यासात दोन आठवडे सलग रात्रपाळी करणाऱ्यांचं शरीर रात्रीच्या कामाला खरोखर सरावलेलं दिसलं. किनाऱ्यावर सहसा न घडणारी ही गोष्ट आहे. पण अनेक ठिकाणी चौदा रात्री सलग देत नाहीत. सात रात्री आणि मग सात दिवस, अशी मध्यावर उलटणारी पाळी लावतात. २००२ मध्ये त्याच गटाने अशा पाळीवाल्यांना तपासलं, तेव्हा रात्रीच्या आठवड्यात बसलेलं घड्याळ दिवसाच्या आठवड्यात सगळ्यांचं वेळेत परत आलं नव्हतं. म्हणजे पहिला आठवडा रात्रीला सरावण्यात जातो, आणि सराव होतो न होतो तोच दुसरा आठवडा तो मोडण्यात. ऑक्सफर्डच्या कॅथरीन पार्क्स यांनी समुद्रातल्या पाळ्यांवरचं संशोधन २०१२ मध्ये एकत्र तपासलं. त्यातही मध्यावर उलटणारी पाळी स्थिर पाळीपेक्षा डावीच ठरते.

मग अशी पाळी टिकते कशी? कारण कामगारांनाच ती हवी असते. सात रात्रींनंतर सात दिवस केले की माणूस घरी जाताना बऱ्याच अंशी दिवसाला सरावलेला असतो. पहिल्याच सकाळी मुलांबरोबर नाश्त्याला बसू शकतो. चौदा रात्री करून घरी गेलेला माणूस दुपारी पेंगतो आणि पहाटे तीनला टक्क जागा असतो. नॉर्वेतल्या अभ्यासांतही हेच आढळलं की समुद्रात रात्रीला सरावायला काही दिवस पुरतात, पण घरी परत दिवसाला रुळणं अधिक सावकाश होतं, कारण तिथे ऊन, घरची माणसं आणि जेवणाच्या वेळा शरीराला एका दमात ओढतात. आता या दोन पाळ्यांची तुलना सरासरीने करा. दोन्हीत १६८ तास, दोन्हीत ४२. फरक शून्य. प्रत्यक्षात एका पाळीत थकव्याची किंमत प्लॅटफॉर्मवर चुकती होते, दुसरीत घरी. कामगार पहिली पत्करतो, कारण घरचे दिवस त्याला वाचवायचे असतात. माझ्या मते सुरक्षिततेसाठी स्थिर पाळीच योग्य. उच्च दाबाच्या वायूशेजारी घड्याळ उलटवणं हा जुगार आहे. पण मग घरी गेल्यावरचे पेंगण्याचे दिवस ही कामाचीच किंमत आहे हे मान्य करावं लागेल. चौदा रात्री करणाऱ्याची चौदा दिवसांची सुट्टी ही चौदा दिवसांची सुट्टी नसते. तिच्या सुरुवातीचे काही दिवस शरीर अजून ड्यूटीवरच असतं. सरासरी काढणारा ते सगळे दिवस पूर्ण विश्रांतीच्या खात्यात टाकतो.

सुट्टीच्या या खात्यावरच ब्रिटनमध्ये मोठा खटला झाला. तिथल्या कामगारांचं म्हणणं असं होतं की कायद्याने मिळणारी वार्षिक रजा कामाच्या सव्वीस आठवड्यांतून मिळायला हवी. घरी असण्याचे सव्वीस आठवडे तसेही त्यांचेच असतात, त्यांनाच रजा म्हणण्यात काय अर्थ? ॲबरडीनच्या लवादाने आधी त्यांची बाजू घेतली, पण वरच्या पायरीवर निकाल फिरला, आणि ७ डिसेंबर २०११ रोजी ‘रसेल विरुद्ध ट्रान्सओशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामगारांचं म्हणणं फेटाळलं. लॉर्ड होप यांच्या निकालाचा गाभा असा की जो काळ कामाचा नाही तो विश्रांतीचा, आणि रजा त्या काळात दाखवता येते. कायद्याच्या शब्दांत हे बसतं, आणि उघड तर्कही त्याच बाजूचा आहे: अर्धं वर्ष घरी असणाऱ्याला आणखी रजा कशाला?

हा तर्क तपासायला तासांचा दुसरा हिशेब मांडू. कामाचे तास न मोजता घरी जागेपणी मिळणारे तास मोजू, आणि झोप सगळ्यांची आठ तास धरू. समुद्रावरच्या माणसाला वर्षात घरचे १८२ दिवस, रोज सोळा तास, म्हणजे सुमारे २,९०० तास. आता पाच दिवसांचा आठवडा असलेला, घर जवळ असलेला नोकरदार घ्या. रजा आणि सणवार धरून वर्षात १३५ दिवस सुट्टीचे, त्यांचे २,१६० तास. उरलेल्या २३० दिवशी जेवणाच्या सुट्टीसह नऊ तास कचेरीत आणि एक तास प्रवासात गेला तरी रोज सहा तास घरी, ते १,३८०. एकूण साडेतीन हजारांवर. अर्धं वर्ष सुट्टी न मिळणारा हा नोकरदार घरच्यांना अधिक भेटतो, कारण तो रोज संध्याकाळी घरी असतो. पण तुलना इथेच थांबवणं बेइमानी होईल. विरार किंवा कर्जतहून रोज तीन तास लोकलने जाणारा, सहा दिवसांचा आठवडा असलेला माणूस घ्या. त्याला वर्षात नव्वद सुट्ट्या धरल्या तर १,४४० तास, आणि उरलेल्या २७५ दिवशी जेमतेम चार तास घरचे, ते १,१००. एकूण अडीच हजारांच्या आसपास. त्याच्यापुढे समुद्रावरचा माणूस खरंच श्रीमंत आहे. म्हणून चौदा दिवसांची सलग सुट्टी मुंबईच्या आसपासच्या आणि कोकणात, घाटावर गाव असलेल्या कित्येकांना वरदान वाटते, आणि ते वाटणं खोटं नाही. मुद्दा असा की ‘अर्धं वर्ष सुट्टी’ हे वाक्य यातलं काहीच सिद्ध करत नाही. तुलना कुणाशी केली त्यावर उत्तर पालटतं, आणि न्यायालयाने ज्या देशात निकाल दिला तिथला तुलनेचा कामगार पहिल्या प्रकाराच्या जास्त जवळचा होता.

सरासरी आणखी एका बाजूने गळते: बारा तासांच्या कडेला. बारा तासांची पाळी म्हणजे सहाला सुरू आणि सहाला बंद, असं वेळापत्रक सांगतं. पण येणाऱ्याला काम समजावून द्यायला वेळ लागतो: कोणता पंप बंद आहे, कुणाचं परमिट उघडं आहे, कुठला गेज चुकीचा दाखवतोय. हा वेळ दोन्ही पाळ्यांच्या बाहेर राहतो. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’वर याच कडेला १६७ माणसं गेली. त्या दिवशी दिवसपाळीच्या फिटर्सनी कंडेन्सेटच्या ‘ए’ पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि तिथे तात्पुरती तबकडी बसवली होती. संध्याकाळी सहापर्यंत काम संपलं नाही, म्हणून परमिट कंट्रोल रूममध्ये परत गेलं. पण व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट रात्रपाळीला तोंडी कुणी सांगितली नाही. पावणेदहाच्या सुमारास ‘बी’ पंप बंद पडला. रात्रपाळीने ‘ए’ पंपाच्या देखभालीचा कागद पाहिला, ते काम सुरूच झालेलं नाही म्हणून पंप वापरता येईल असं धरलं, आणि तो चालवला. घट्ट न बसलेल्या तबकडीतून वायू सुटला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. ही माणसं थकलेली होती म्हणून हे घडलं, असं मी म्हणणार नाही. रात्रपाळीला चार तासही झाले नव्हते. उलट आठ तासांच्या पाळ्या असत्या तर असे निरोप दिवसातून दोनदाऐवजी तीनदा द्यावे लागले असते, हा बारा तासांच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. पण वेळापत्रकात हॅण्डओव्हरला जागाच नसेल, तर तो वेळ माणसाच्या झोपेतून तरी जातो किंवा निरोप अर्धवट तरी राहतो. रोज अर्धा तास धरला तर चौदा दिवसांचे सात तास होतात. १६८ चे १७५, आणि ४२ ची सरासरी पावणेचव्वेचाळीस. वाढ मामुली वाटते. ज्या कामाला हा वेळ लागतो ते मामुली नाही.

चौदा दिवसांच्या कडेलाही असंच होतं, आणि मुंबई हायला ते पावसाळ्यात जाणवतं. जून ते सप्टेंबर ढग खाली उतरतात, वारा वाढतो, हेलिकॉप्टरची सॉर्टी रद्द होते. रिलिव्हर जुहूला बॅग घेऊन बसून राहतो आणि ज्याचे चौदा दिवस भरले तो पंधराव्या सकाळी पुन्हा पाळीवर उभा राहतो, कारण त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. समजा दोन दिवस गेले आणि पुढची फेरी मूळ तारखेलाच धरली. सोळा दिवसांचे १९२ तास, चार आठवड्यांची सरासरी बरोबर ४८. ज्या आकड्याला ब्रिटिश कायदा कमाल मर्यादा म्हणतो, तिथे हा माणूस एका वादळाने पोहोचला, आणि ते शेवटचे चोवीस तास त्याने चौदा पाळ्यांच्या थकव्यावर केले. पण वर्षाच्या हिशेबात हे दोन दिवस विरघळून जातात, कारण ५२ आठवड्यांवर पसरल्यावर चोवीस तास म्हणजे आठवड्याला अर्धा तासही नाही. सरासरीचा काळ जितका लांब, तितका जादा ताण लपवायला सोपा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा येतो आणि तो टाळू नये. नॉर्वेमध्ये चौदा दिवस काम आणि अठ्ठावीस दिवस घर असं चक्र रुळलं आहे. १६८ तास बेचाळीस दिवसांत वाटले की आठवड्याला २८ तास, वर्षाला १,४५६. चौदा-चौदात ते २,१८४ होतात. इतक्या उदार चक्रासाठी प्रत्येक जागेमागे दोनऐवजी तीन माणसं पगारावर ठेवावी लागतात, आणि तेलाचा भाव पडला की हा खर्च बोचतो. तो भारताने उद्या उचलावा असं म्हणणं हवेत बोलणं ठरेल. तरी नॉर्वेच्या चक्रातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: सुट्टी वाढवताना त्यांनी समुद्रातले दिवस चौदाच ठेवले, त्यामुळे हेलिकॉप्टरच्या फेऱ्या वाढल्या नाहीत. खर्च वाढला तो फक्त माणसांचा. उलट ब्रिटनमध्ये एकवीस-एकवीसकडे वळताना फेऱ्या वाचल्या आणि त्याची भरपाई माणसाच्या तिसऱ्या आठवड्याने केली. दोन्ही निर्णय खर्चाचेच होते. बिल कुणाच्या नावावर फाडायचं, एवढाच प्रश्न होता, आणि सरासरीत ते नाव दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की माणसं राजीखुशीने ही नोकरी धरतात आणि सोडायला तयार नसतात. खरं आहे. पण त्यांना आवडते ती चौदा दिवसांची सलग सुट्टी आणि सोबत येणारा भत्ता. बारावा तास आवडतो, मध्यावर उलटणारी पाळी अंगाला मानवते किंवा सोळाव्या दिवशीची ड्यूटी चालते, असा त्याचा अर्थ होत नाही. चक्राला दिलेली संमती त्यातल्या प्रत्येक तासाला लावता येत नाही. शिवाय थकलेला माणूस स्वतःच्या थकव्याचा चांगला परीक्षक नसतो. आपण ठीक आहोत असं त्याला मनापासून वाटत असतं, आणि हीच थकव्यातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे.

तेव्हा मुंबई हायसारख्या ठिकाणी चौदा-चौदा मोडायची गरज मला दिसत नाही. गरज आहे ती ४२ च्या आकड्याला त्याच्या जागी, म्हणजे पगारपत्रकात, ठेवण्याची, आणि सुरक्षिततेच्या हिशेबाला वेगळी मोजमापं देण्याची. पाळीच्या नोंदवहीत माणूस कामावर आला ती वेळ आणि खरोखर सुटला ती वेळ लिहिली जावी, हॅण्डओव्हरसकट. छापील ‘सहा ते सहा’ नव्हे. दोन पाळ्यांमध्ये अकरा तास मिळाले की नाही हे त्या नोंदीतून रोज कळेल, आणि ज्या दिवशी मिळाले नाहीत त्या दिवशी त्याला पुढच्या सकाळी उशिरा बोलावता येईल. रात्रपाळी दिली तर ती फेरी संपेपर्यंत रात्रीचीच ठेवावी, आणि अशा फेरीनंतरच्या सुट्टीत प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, किनाऱ्यावरच्या बैठका निदान पहिल्या आठवड्यात घालू नयेत. हवामानामुळे रिलिव्हर अडकला तर पंधराव्या दिवसापासून प्लॅटफॉर्मवर राहिलेल्या माणसाला उंचीवरचं, तप्त किंवा दाबाखालचं काम देऊ नये, फक्त देखरेखीचं द्यावं. आणि गेलेले दिवस वर्षाच्या बेरजेत न मुरवता त्याच फेरीच्या पुढच्या सुट्टीला जोडून द्यावेत, म्हणजे रिलिव्हरची तारीखही तेवढीच पुढे सरकेल. त्यासाठी पावसाळ्याचे चार महिने काही राखीव माणसं किनाऱ्यावर तयार ठेवावी लागतील. त्यांचा पगार हा या सगळ्यातला खरा खर्च, आणि तो आज दिसत नाही कारण अडकलेला माणूस तो स्वतःच्या झोपेतून भरतो आहे.